दिवाळीची सुट्टी, फी पूर्ण : पालकांना हिशोब पटेल असा ट्यूशनचा महिना

घरगुती ट्यूशन सुरू केलीत की दिवाळीत एक प्रश्न येणारच: "सर, आठवडाभर क्लास बंद होता, मग फी पूर्ण का?" याचं उत्तर महिना संपल्यावर शोधू नका, सुरू होण्याआधीच तयार ठेवा. त्यासाठी फी "महिन्याची" म्हणून सांगू नका, "महिन्यात १२ तासिका" अशी सांगा.

ऑक्टोबर २०२५ चं कॅलेंडर घ्या. समजा तुमच्या दोन बॅच आहेत आणि दोघींची फी १२०० रुपये, म्हणजे एक तासिका १०० रुपयांना. २० ते २५ तारखेला दिवाळीची सुट्टी.

सोम-बुध-शुक्र बॅचचे त्या महिन्यात १४ दिवस येतात. सुट्टीत ३ गेले, उरल्या ११ तासिका. भरून द्यायची फक्त एक.

मंगळ-गुरु-शनि बॅचचे दिवस १३. त्यातले ३ दिवाळीत गेले आणि २ तारखेचा गुरुवार दसऱ्यात. उरल्या ९. इथे तीन तासिका भरून द्याव्या लागतात.

बघा, सुट्टी तीच, फी तीच, पण दुसऱ्या बॅचचं नुकसान जास्त. पालक शाळेच्या गेटवर एकमेकांशी बोलतात, तिथेच हा फरक बाहेर येतो. म्हणून मोजणी प्रत्येक बॅचची वेगळी करा.

जादा तासिका रविवारी ठेवा. दुसऱ्या बॅचला ५, १२ आणि २६ तारीख, पहिलीला फक्त ५. त्या दिवशी एक बॅच ९ ते १० आणि दुसरी सव्वादहाला. मधली १५ मिनिटं मोकळी सोडा, नाहीतर दारात चपलांचा ढीग आणि पालकांची गर्दी होते. शक्यतो जादा तासिका सुट्टीच्या आधी घ्या. नंतर मुलं गावाहून उशिरा परततात. तारीख ठरवण्याआधी शाळेच्या सहामाही परीक्षेचं वेळापत्रक विचारून घ्या.

फीची तारीख सगळ्यांना एकच, ५ तारखेपर्यंत. मूल मध्येच आलं तरी "त्याची तारीख १३" असं करू नका, वसुली महिनाभर चालते. पहिल्या बॅचला १३ ऑक्टोबरला कुणी आलं, तर उरलेल्या तासिका ६, म्हणजे ६०० रुपये घ्या. पुढच्या महिन्यापासून तोही ५ तारखेच्या रांगेत.

एक मर्यादा आधीच स्पष्ट करा: क्लास बंद राहिला तर तासिका भरून मिळेल. मूल गैरहजर राहिलं तर दुसऱ्या बॅचला जागा असेल तेव्हाच बसता येईल.

३० सप्टेंबरला ग्रुपवर एवढाच मेसेज टाका:

"मंगळ-गुरु-शनि बॅच: ऑक्टोबरच्या १२ तासिका. सुट्टी: २ आणि २० ते २५. जादा तासिका: रविवार ५, १२, २६, सकाळी सव्वादहा. फी ५ तारखेपर्यंत."