मोटारीच्या बैठकीची लांबट भोके

कडबाकुट्टीचा पट्टा ताणताना मोटार सरकते ती बैठकीच्या लांबट भोकांतून. रिसोडला वा मालेगावला नवी बैठक करवून घेताना वेल्डरला नुसते 'चाळीसचे भोक' सांगू नका. समजा, पट्टा चढवायला 15 आणि ताणायला 25, मिळून 40 मिलिमीटर सरक हवी. बोल्ट 12 चा, म्हणून भोकाची रुंदी 13. मग पंचाच्या दोन खुणा एकमेकींपासून बरोबर 40 वर मारायच्या. दोन्हींवर 13 चे भोक पाडून मधले लोखंड काढले, की एकूण लांबी 40 अधिक 13, म्हणजे 53 भरते. टोकापासून टोकापर्यंतच 40 धरले, तर मोटार जेमतेम 28 सरकते. बोल्ट टोकाला टेकतो नि पट्टा सैलच राहतो. वायसर मात्र जाड, रुंद घ्या.