चौकटीत काय उरते?

काही बातम्या वर्षानुवर्षे चालतात. त्या पहिल्या दिवसापासून वाचणारे थोडे असतात, मध्येच येऊन पोचणारे पुष्कळ. या नव्या वाचकासाठी बातमीच्या कडेला एक लहान चौकट छापतात. तिच्यावर ‘पार्श्वभूमी’ किंवा ‘आतापर्यंत काय घडले’ असे लिहिलेले असते आणि आत जेमतेम ऐंशी-शंभर शब्द असतात. मूळ बातमी दोन दिवसांत विसरली जाते. चौकट मात्र पुढच्या प्रत्येक बातमीबरोबर पुन्हा छापली जाते आणि हळूहळू तीच त्या घटनेचा इतिहास होऊन बसते. म्हणून लांबलचक घटनाक्रम चार वाक्यांत आणताना काय राखले जाते आणि काय गाळले जाते, हे आपण नीट पाहिले पाहिजे.

उदाहरण आमच्या यवतमाळ जिल्ह्याचेच घेऊ. २०१७ साली जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत कपाशीवर कीटकनाशक फवारणाऱ्या शेकडो माणसांना विषबाधा झाली. जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे मेली. त्यांत स्वतःच्या दोन-चार एकरांत फवारणारे शेतकरी होते, तसे दुसऱ्याच्या शेतात रोजाने पंप पाठीवर घेणारे भूमिहीन मजूरही होते. सरकारने मृतांच्या वारसांना दोन लाख रुपयांची मदत जाहीर केली. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली चौकशी पथक नेमले. नोव्हेंबरमध्ये यवतमाळसह काही जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे याचिका गेली. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये हे प्रकरण स्वित्झर्लंडला पोचले. बाझेल येथे मुख्यालय असलेल्या सिंजेंटा कंपनीच्या ‘पोलो’ या कीटकनाशकामुळे बाधा झाली, असे म्हणत दोन विधवांनी आणि वाचलेल्या एका शेतकऱ्याने तेथे नुकसानभरपाईसाठी दिवाणी दाद मागितली. त्याच सुमारास एक्कावन्न बाधित कुटुंबांच्या वतीने स्विस सरकारच्या एका तक्रार केंद्राकडे वेगळा अर्जही गेला. कंपनीने आरोप नाकारला.

आता समजा, बाझेलच्या दाव्याविषयी उद्या बातमी आली आणि घाईत कोणी अशी चौकट लिहिली: ‘२०१७ मध्ये फवारणी करताना योग्य काळजी न घेतल्याने यवतमाळ जिल्ह्यात अनेक शेतकऱ्यांचा मृत्यू झाला होता.’ वाक्य सुटसुटीत आहे, व्याकरणात चूक नाही. तरी त्यात तीन गोष्टी बिघडल्या आहेत.

पहिली गोष्ट कारणाची. मजुरांनी हातमोजे घातले नाहीत, तोंड बांधले नाही, हे एका बाजूचे म्हणणे आहे. मृत्यूची जबाबदारी कोणाची, हाच तर दाव्यातला वाद आहे. ‘काळजी न घेतल्याने’ या तीन शब्दांत लिहिणाऱ्याने खटला चालण्याआधीच निकाल देऊन टाकला. घटनाक्रम आखडताना ‘अमक्याच्या मते’ हे शब्द सर्वांत आधी छाटले जातात, कारण ते जागा खातात. ते गेले की मत आपोआप वस्तुस्थिती होते.

दुसरी गोष्ट माणसांची. ‘शेतकरी आणि शेतमजूर’ यातले ‘शेतमजूर’ गळाले. बातमीदाराला वाटते, शेतकरी म्हटले की सगळे त्यात आले. पण ज्याच्या नावावर सातबारा नाही तो सरकारी कागदावर शेतकरी नसतो. फवारायचे कोणते औषध, ते पाण्यात किती मिसळायचे, हे ठरवणारा मालक. पाठीवर पंप घेणारा दुसराच. हा दुसरा माणूस चौकटीतून गेला की ‘त्याने काळजी का घेतली नाही’ हा प्रश्नही सोपा वाटू लागतो. गावकुसाबाहेरच्या माणसाला इतिहासातून बाहेर ठेवायला नेहमी दुष्टपणाच लागतो असे नाही. शब्दसंख्येची मर्यादाही पुरते.

तिसरी गोष्ट अशी, की या चौकटीचा उद्याच्या बातमीशी काही संबंधच लागत नाही. यवतमाळची विधवा बाझेलला कशी पोचली, हे नव्या वाचकाला कळत नाही. आणि चौकट तर त्याच्यासाठीच असते.

म्हणून चौकटीची सुरुवात आरंभापासून न करता आजच्या बातमीपासून करावी. आजची बातमी ज्या टप्प्यांवर उभी आहे तेवढेच टप्पे मागे जाऊन शोधावेत. दाव्याची बातमी असेल तर मूळ घटना, दावा कोणी, कोणावर, कुठे केला आणि कोणती गोष्ट अद्याप वादात आहे, एवढे हवे. मंत्र्यांच्या भेटी, मोर्चे, निवेदने गळाली तरी चालतात. पाच कीटकनाशकांवरची बंदीसुद्धा येथे गाळता येते. उद्या विक्री-परवान्याची बातमी आली तर तीच बंदी आत येईल आणि बाझेल एका ओळीवर जाईल. सरकारी मदत मात्र येथे ठेवावी, कारण ‘यांना पैसे मिळाले नव्हते काय?’ असा प्रश्न वाचक विचारणारच. तेथे शब्द ‘मदत’ असाच हवा, ‘भरपाई’ नव्हे. मदत द्यायला दोष कबूल करावा लागत नाही. भरपाई मागायची तर आधी दोष कोणाचा ते ठरवावे लागते.

तक्रार केंद्राचा अर्जही येथे गाळावा. पण गाळणे वेगळे आणि दाव्यात मिसळून टाकणे वेगळे. त्या केंद्राचे काम दोन्ही बाजूंना चर्चेला बसवण्याचे. भरपाईचा हुकूम ते देऊ शकत नाही. ‘एक्कावन्न कुटुंबांचा दावा’ असे लिहिले तर दोन वेगळ्या वाटा एक होतात आणि दोन्ही चुकीच्या ठरतात.

मग चौकट अशी होते:

‘जुलै ते ऑक्टोबर २०१७ या काळात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारणाऱ्या शेकडो शेतकऱ्यांना व शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक जण दगावले. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना दोन लाख रुपयांची मदत जाहीर केली. सप्टेंबर २०२० मध्ये दोन विधवा व एक वाचलेला शेतकरी यांनी सिंजेंटा कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे नुकसानभरपाईसाठी दाद मागितली. कंपनीच्या ‘पोलो’ या कीटकनाशकाने बाधा झाली, असे त्यांचे म्हणणे आहे. कंपनीला ते मान्य नाही.’

या चौकटीत ‘वीसहून अधिक’ असे मुद्दाम ठेवले आहे. मृतांचा आकडा मोजणाऱ्यागणिक बदलतो. कोणी जिल्ह्यातले मोजतो, कोणी साऱ्या राज्यातले. नेमका आकडा द्यायचा तर तो कोणी, कुठला आणि कोणत्या तारखेपर्यंत मोजला, हेही लिहावे लागते. त्याला जागा नसेल तर ज्याबद्दल वाद नाही तेवढेच लिहावे.

खरा धोका यानंतर सुरू होतो. पुढच्या खेपेला नवा बातमीदार मूळ घटनाक्रम उघडत नाही. तो जुनी चौकट उचलतो, दोन शब्द कमी करतो आणि शेवटी एक वाक्य जोडतो. तिसऱ्या खेपेला ‘त्यांचे म्हणणे आहे’ जाते, चौथ्या खेपेला ‘शेतमजूर’ जातात. यावर उपाय एकच आहे. पूर्ण घटनाक्रम तारीखवार, प्रत्येक नोंद कोठून आली त्यासह जपून ठेवावा आणि चौकट दर वेळी त्याच्यावरून नव्याने लिहावी. छपाईला देण्यापूर्वी ती प्रकरण माहीत नसलेल्या माणसाला वाचून दाखवावी आणि विचारावे: कोणाला काय झाले? कोण कोणाकडे काय मागतो आहे? काय अजून ठरलेले नाही? तिसऱ्या प्रश्नाला तो ‘सगळे ठरले आहे’ असे म्हणाला, तर चौकट चुकली आहे आणि ती पुन्हा लिहिली पाहिजे.