दुकानं तीन झाली, आता ठरवायचं कोणी?

आपल्या तालुक्यात काही गटांनी एकाच नावाखाली दुसरं-तिसरं दुकान काढायची तयारी चालवली आहे. दुकान एकच असतं तोवर भाव, खरेदी, उधारी सगळं गल्ल्यावरची ताई ठरवते. दुकानं वाढली की भांडण सुरू होतं: मौद्यातून सगळं ठरवायचं, की ज्या त्या गावानं आपलं बघायचं? आमच्या मते हा प्रश्न असा सरसकट विचारूच नये. एकेक निर्णय वेगळा काढून बघावा.

लिज्जत पापड तुम्हाला माहीत आहे. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन तो सुरू केला. पुढे शाखा ठिकठिकाणी झाल्या, पण कुठलीही शाखा आपल्या मनानं पापडात मसाला कमी-जास्त करत नाही. पीठ शाखेत मळलं जातं, बहिणी ते घरी नेऊन लाटतात आणि परत आलेला पापड तपासून घेतला जातो. कारण पाकिटावरचं नाव सगळ्यांचं आहे, एका शाखेचा पापड बिघडला तर बाकीच्यांचाही विकत नाही. मात्र शाखेचा नफा त्या शाखेतल्या बहिणींतच वाटला जातो. चव सगळीकडे एक, हिशेब ज्याचा त्याचा. या दोन गोष्टी एकाच संस्थेत नांदतात, हे आपण बघायचं.

आता आपलं उदाहरण घेऊ. समजा मौदा, अरोली आणि कोदामेंढी अशी तीन दुकानं आहेत आणि प्रत्येकाला महिन्याला वीस किलो मिरची लागते. आपापल्या गावात घेतली तर दोनशे दहा रुपये किलो पडते. तिघींची मिळून साठ किलो कळमना बाजारातून एकदम उचलली तर एकशे नव्वदला मिळते. किलोमागे वीस, म्हणजे बाराशे रुपये वाचले. टेम्पोचे पाचशे गेले तरी सातशे उरतात. मिरची टिकते, तिन्ही गावांत सारखीच खपते, म्हणून ही खरेदी एका ठिकाणाहून करावी. कुटून पाकीट भरणं, त्यावरची तारीख आणि वजनही तिथंच.

पण सांबाराचं काय? कोदामेंढीत उद्या लग्न आहे की गाव बाहेर गेलं आहे, हे मौद्यात बसून कसं कळणार? मौद्यातून अंदाजानं जुड्या पाठवल्या आणि एका दुकानात रोज पाच वाया गेल्या, तर जुडीला दहा रुपयांनी महिन्याला दीड हजार बुडाले. मिरचीत कमावलेलं सांबारानं खाल्लं! म्हणून नासणारा माल किती घ्यायचा ते त्या गावच्या ताईनंच ठरवावं.

उधारी मधोमध पडते. कोण परत देईल हे गावातल्या ताईलाच ठाऊक असतं. पण पैसा तिन्ही दुकानांचा आहे. अरोलीत उधारी फुगली तर कळमन्याला न्यायला रोकड उरत नाही आणि रिकामं होतं मौद्याचं दुकान. म्हणून एकूण उधारी किती, ही मर्यादा तिघींच्या मासिक बैठकीत ठरवावी आणि त्या मर्यादेत कुणाला द्यायची ते ताईवर सोडावं. धानाचे चुकारे यायच्या आधी लोकांचा हात तंग असतो. तेव्हा मर्यादा वाढवायची का, तेही बैठकीतच बघावं.

आपली वाटणी चुकली आहे हे ओळखायला साठ्याची वही पुरते. एका दुकानात साबणाची खोकी पडून आणि दुसऱ्यात तोच साबण संपलेला, असं वारंवार दिसलं तर वरून फार ठरवलं जातंय. उलट एकच तिखट दोन गावांत दोन भावानं विकलं जातंय, गिऱ्हाईक येऊन बोलतंय, तर जिथं एकी हवी होती तिथं मोकळीक गेली आहे.

एक अडचण मात्र राहते. ताई रोज वही लिहीत नसेल तर तिला दिलेली मोकळीक कुणालाच तपासता येत नाही. आणि तिन्ही दुकानांचा नफा-तोटा एकाच वहीत घातला तर कोदामेंढीतला वाया गेलेला सांबार दिसणारच नाही. तेव्हा निर्णय देण्याआधी प्रत्येक दुकानाची वही वेगळी करा, मग तारीख जवळ आलेल्या बिस्किटांसारखे लहान निर्णयही खाली सोडता येतात: खरेदीच्या भावापर्यंत ताईनं न विचारता उतरवावं, त्याच्या खाली जायचं असेल तर मौद्याला फोन करावा.