पोळीच्या जागी भाकरी: मोजायचं काय?

मधुमेहाच्या आहारतक्त्यात दुपारी ‘दोन पोळ्या’ लिहिलेल्या असतात आणि घरात त्यांच्या जागी दोन ज्वारीच्या भाकऱ्या येतात, कारण भाकरी मधुमेहाला चालते, ती पोटभर खावी, असा समज आहे. पण तक्ता मुळात कर्बोदकांच्या हिशोबाने बांधलेला असतो. साधारण 15 ग्रॅम कर्बोदकांचा एक भाग धरतात. पातळ फुलक्याला सुमारे 25 ग्रॅम कणीक लागते, म्हणजे एक फुलका एक भाग झाला. तेल लावून केलेल्या घडीच्या पोळीला कणीक त्याहून जास्त लागते. हातावर थापलेल्या मध्यम भाकरीला 70 ते 75 ग्रॅम पीठ सहज जातं, आणि ज्वारीच्या पिठात वजनाच्या जवळपास दोन तृतीयांश कर्बोदकंच असतात. म्हणजे एक भाकरी तीन फुलक्यांच्या बरोबरीची. दोन फुलक्यांऐवजी दोन भाकऱ्या खाल्ल्या, तर 30 ग्रॅमच्या जागी 100 ग्रॅम कर्बोदकं पोटात जातात. ज्वारीत तंतू आहेत आणि ती मैद्यापेक्षा नक्कीच चांगली, हे खरं. पण तिप्पट पिठाचा परिणाम तेवढ्याने पुसला जात नाही.

भाताचं उलट होतं. तो पूर्ण बंद करतात, आणि जेवण अपुरं वाटलं की आणखी एक भाकरी घेतात. वास्तविक 150 मिलीच्या वाटीने अर्धी वाटी शिजलेला भात साधारण एक भाग असतो. समजा, दुपारच्या जेवणात तीन भाग सांगितले आहेत. 25 ग्रॅम तूरडाळीचं वाटीभर वरण जवळपास एक भाग धरायचं, कारण डाळीत प्रथिनांबरोबर कर्बोदकंही असतात आणि हे बहुधा विसरलं जातं. उरलेल्या दोन भागांत दोन फुलके बसतात, किंवा एक फुलका आणि अर्धी वाटी भात, किंवा पाऊण भाकरीहून थोडी कमी. मेथीची नाहीतर दुधीची भाजी आणि काकडीची कोशिंबीर यांना हात आखडायची गरज नाही. बटाट्याची भाजी मात्र हिशोबात धरावी.

रोज कोण वजन करणार, हा आक्षेप रास्त आहे, पण वजन एकदाच करायचं असतं. पाव किलो कणीक मळून तिचे दहा फुलके होतात की सात पोळ्या, ते पाहावं. भाकरीचं पीठ परातीत घेण्याआधी तोलावं. घरातली वाटी 100 मिलीची आहे की 200 ची, हे मापाच्या कपाने पाणी ओतून कळतं. आमटीची वाटी आणि भाताची वाटी कित्येक घरांत वेगळी असते. अंदाज बरोबर आहे का, हे जेवणापूर्वी आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर दिसेल. मात्र जे इन्सुलिन किंवा साखर खूप खाली आणू शकणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी भाकऱ्या एकदम निम्म्या करण्याआधी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा तपासून घ्यावी.