साठ डॉलरचा गेम घरात येईपर्यंत

निन्टेंडोचं अमेरिकेतलं ऑनलाइन दुकान, म्हणजे ईशॉप, उघडलं की स्विचच्या बऱ्याच मोठ्या गेमपुढे ५९.९९ डॉलर हा आकडा दिसतो. भारतासाठी निन्टेंडोने वेगळं ईशॉप काढलेलं नाही. त्यामुळे पुण्यात किंवा मडगावात ज्याच्याकडे स्विच आहे, त्याचं खातं सहसा दुसऱ्याच एखाद्या देशाचं, बरेचदा अमेरिकेचं, असतं आणि त्याला दर वेळी डॉलरमध्येच खरेदी करावी लागते. कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांचं नशीब थोडं बरं. स्टीमने नोव्हेंबर २०१५ मध्ये भारतासाठी रुपयांतल्या किमती सुरू केल्या आणि तिथे यूपीआयही चालतं. स्विचवाल्याला मात्र आधी एका प्रश्नाचं उत्तर शोधावं लागतं: माझ्या रुपयांचे डॉलर नेमकं कोण करणार? दुकान, मधला वॉलेटवाला, बँक की व्हाउचर विकणारा? जो करील तो आपला वाटा घेणार, आणि प्रत्येकाचा वाटा वेगळा.

हिशेब सोपा जावा म्हणून एक डॉलर ९० रुपयांना धरू. म्हणजे गेमची मूळ किंमत झाली ५,३९९ रुपये.

पहिला रस्ता सरळ, क्रेडिट कार्डाचा. व्हिसा किंवा मास्टरकार्ड ज्या दराने डॉलरचे रुपये करतात, तो दर बाजारभावाच्या बराच जवळ असतो. तिथे फारसं लुटलं जात नाही. वाढ होते ती त्यापुढे, आपल्याच बँकेत. परकीय चलनातल्या व्यवहारावर बँक मार्कअप फी लावते. आपल्याकडच्या बऱ्याच क्रेडिट कार्डांवर ती ३.५ टक्के आहे, काहींवर २ टक्के आणि मोजक्या कार्डांवर शून्य. या फीवर १८ टक्के जीएसटी असतो. जीएसटी गेमच्या किमतीवर नाही, फक्त फीवर, त्यामुळे ३.५ टक्क्यांचे शेवटी ४.१३ टक्के होतात. आपल्या गेमवर फी १८९ रुपये, तिच्यावर जीएसटी ३४ रुपये, एकूण ५,६२२. म्हणजे २२३ रुपये जास्त.

हे २२३ रुपये कुठे दिसतात, तेही पाहण्यासारखं आहे. पैसे भरताना पडद्यावर ते नसतात. व्यवहार झाल्यावर येणाऱ्या मेसेजमध्येही बरेचदा नुसते ५९.९९ डॉलर लिहिलेले असतात. एक-दोन दिवसांनी दुकानाकडून बँकेकडे व्यवहार पक्का होतो, तेव्हाच्या दराने रुपये ठरतात आणि स्टेटमेंटमध्ये फी आणि जीएसटी कधी वेगळ्या ओळींत येतात, तर कधी मूळ रकमेतच मिसळलेले असतात. मिसळलेले असतील तर ओळखायला एक भागाकार पुरतो: कापलेले रुपये भागिले डॉलर. इथे उत्तर येतं ९३.७२. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांच्याही संकेतस्थळांवर त्या-त्या दिवसाचा दर सांगणारं कॅल्क्युलेटर आहे. त्यातला दर आणि आपला भागाकार यांच्यातला फरक म्हणजे बँकेने घेतलेला वाटा. आपल्या कार्डाची फी किती, हे बँकेच्या अटींच्या पत्रकात छापलेलं असतं. ते पत्रक कार्डासोबत येतं आणि बहुतेकांच्या घरी न उघडलेल्या पाकिटातच राहतं.

आता दुसरा रस्ता, जो मला जास्त लबाड वाटतो. काही परदेशी दुकानं आणि पेपालसारखी वॉलेट्स शेवटच्या पायरीवर मोठ्या मायेने विचारतात, ‘रुपयांत भरायचंय का?’ आपल्याला बरं वाटतं. आकडा आपल्या चलनात दिसतो, पुढे धक्का नाही. पण इथे डॉलरचे रुपये कार्ड कंपनीऐवजी तो मधला माणूस करतो, आणि तो स्वतःच्या दराने करतो. त्या दरात साधारण ३ ते ४ टक्के त्याचे असतात. वेगळी फी कुठे दाखवलेली नसते, कारण ती दरातच मुरलेली असते. ४ टक्के धरले तर डॉलर ९३ रुपये ६० पैशांना पडतो आणि गेम ५,६१५ रुपयांना.

इथपर्यंत कार्डापेक्षा सात रुपये स्वस्तच वाटतं. पण गोष्ट संपलेली नसते. व्यवहार रुपयांत असला तरी दुकान परदेशात नोंदलेलं आहे, हे बँकेला दिसतं. अशा व्यवहारांवरही बऱ्याच बँका फी घेतात. अनेकांच्या पत्रकात ती १ टक्क्याच्या आसपास आणि वर जीएसटी अशी लिहिलेली असते. म्हणजे आणखी ६६ रुपये. एकूण ५,६८१. कार्डाच्या रस्त्यापेक्षा ५९ रुपयांनी महाग, तेही ‘आता काही लपलेलं नाही’ या समाधानात. ज्याच्याकडे शून्य मार्कअपचं कार्ड आहे त्याचं तर इथे जास्तच नुकसान. त्याला हाच गेम ५,३९९ ला मिळाला असता. तेव्हा परदेशी दुकानाने चलन विचारलं, तर दुकानाचंच चलन निवडावं. पेपालमध्ये हा पर्याय पैसे भरण्याच्या पानावर, दराशेजारच्या बारीक अक्षरांतल्या दुव्यात असतो. तो उघडून ‘विक्रेत्याच्या चलनात बिल करा’ या अर्थाचं वाक्य निवडायचं. न उघडल्यास निवड पेपालनेच आपल्या वतीने केलेली असू शकते.

कार्डाचा रस्ता सर्वांना मोकळा मात्र नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १६ मार्च २०२० पासून नवं किंवा बदलून दिलेलं कार्ड परदेशी व्यवहारांसाठी बंदच असतं. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते आपण सुरू करायचं. पेमेंट नाकारलं गेलं की लोक दुकानाला शिव्या देतात, पण पुष्कळदा ही एकच कळ बंद असते. ती सुरू करताना शेजारीच मर्यादा ठरवायची सोय असते, तिथे सहा-सात हजारांचा आकडा टाकावा आणि खरेदी झाली की कळ पुन्हा बंद करावी. याचं कारण असं की अनेक परदेशी दुकानं ओटीपी मागत नाहीत. कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन अंक मिळाले की त्यांचं काम भागतं. घरात बारा वर्षांचा खेळाडू असेल आणि कार्ड खात्यात जतन केलेलं असेल, तर ही मर्यादा आणखीच गरजेची.

दुसरी अडचण दुकानांच्या बाजूने येते. खातं एका देशाचं आणि कार्ड दुसऱ्या देशाचं, हे दुकानाला संशयास्पद दिसतं. येन पडल्यामुळे जपानी ईशॉपवर गेम स्वस्त पडू लागले होते आणि जगभरचे लोक तिथून खरेदी करत होते. निन्टेंडोने २५ मार्च २०२५ पासून तिथे जपानबाहेरची क्रेडिट कार्डं आणि जपानबाहेर उघडलेली पेपाल खाती घेणं बंद केलं. कारण सांगितलं ते गैरवापर रोखण्याचं. उरला तो प्रीपेड कार्डांचा रस्ता.

हाच तिसरा रस्ता. भारतातला एखादा विक्रेता ईशॉपचं ५० आणि १० डॉलरचं व्हाउचर रुपयांत विकतो, आपण यूपीआयने पैसे देतो, सोळा अक्षरांचा कोड येतो. कार्ड नको, मार्कअप नको. म्हणून लोकांना हा रस्ता फुकट वाटतो. समजा दोन्ही मिळून ५,७५० रुपये घेतले. पुन्हा तोच भागाकार: ५,७५० भागिले ६०, म्हणजे डॉलर जवळपास ९६ रुपयांना. बाजारभावापेक्षा साडेसहा टक्के वर. शिवाय काही ठिकाणी शेवटच्या पायरीवर ‘प्रोसेसिंग फी’ उगवते, ती धरून भागाकार करायला हवा.

त्यातही खरा खड्डा पुढे आहे. अमेरिकेत दुकानात दिसणारी किंमत करापूर्वीची असते आणि विक्रीकर राज्यागणिक बदलतो. काही राज्यांत तो डिजिटल गेमवर लागतो, तर ओरेगनसारख्या राज्यात विक्रीकरच नाही. खात्यात नोंदलेल्या पत्त्याच्या राज्यात कर असेल तर ५९.९९ चे ६४-६५ डॉलर होतात आणि साठ डॉलरची शिल्लक अपुरी पडते. मग आणखी एक दहाचं व्हाउचर घ्यायचं, त्यातले पाच-सहा डॉलर उरतात आणि तिथेच अडकून बसतात. ते रुपयांत परत मिळत नाहीत आणि शिल्लक असेपर्यंत खात्याचा देश बदलण्यातही अडचण येते. म्हणून व्हाउचर घेण्याआधी गेम निवडून करासह होणारी रक्कम पाहून घ्यावी, मगच कोड विकत घ्यावा.

व्हाउचरला देशही असतो. अमेरिकेचा कोड अमेरिकेच्याच खात्यात चालतो. न्यू जर्सीतल्या मावशीने भाच्याला वाढदिवसाला ५० डॉलरचं कार्ड पाठवलं आणि भाच्याचं खातं ब्रिटनचं असेल, तर तो कोड त्याच्या काही कामाचा नाही. खातं अमेरिकेचं असेल तर मात्र इतका स्वस्त रस्ता दुसरा नाही, कारण मावशी डॉलर कमावते आणि डॉलरच खर्च करते. मध्ये चलन बदलणारा कोणी नसतोच.

आणि बाजारभावापेक्षाही कमी दरात कोड विकणारा भेटला, तर जरा थबकावं. पन्नास डॉलर चाळीस डॉलरच्या भावात कोणी सहजासहजी देत नाही. असे काही कोड चोरीच्या कार्डांवर घेतलेले असतात. कार्डाच्या खऱ्या मालकाने तक्रार केली की कोड रद्द होऊ शकतो आणि ज्या खात्यात तो वापरला गेला, त्यावरही कारवाई होऊ शकते. एकदा उघडलेला कोड अस्सल विक्रेताही परत घेत नाही, मग असल्या विक्रेत्याकडून पैसे परत मिळण्याची आशाच नको.

शेवटी परताव्याचं. एखाद्या परदेशी दुकानातून ५९.९९ डॉलरची खरेदी रद्द झाली, तर डॉलर पुरते परत येतात. रुपये पुरते येतीलच असं नाही. दुकानाने परत केलेली रक्कम त्या दिवशीच्या दराने वळती होते. डॉलर तोवर ८९ वर उतरला असेल तर खात्यात येतात ५,३३९. आधी कापलेली मार्कअप फी आणि जीएसटी बऱ्याच बँका परत करत नाहीत. गेलेले ५,६२२ वजा आलेले ५,३३९, म्हणजे न खेळलेल्या गेमचे २८३ रुपये. पुढच्या महिन्यात त्याच दुकानातून दुसरं काही घ्यायचं नक्की असेल आणि परतावा दुकानाच्या वॉलेटमध्ये घेण्याची सोय असेल, तर तो तिथेच डॉलरमध्ये ठेवावा. नुकसान मग पहिल्या वेळच्या २२३ रुपयांवरच थांबतं.