अर्ज पोचल्याची पोच आणि उत्तराची तारीख

ईमेलने नोकरीचा अर्ज पाठवणाऱ्याला आपोआप जाणाऱ्या पोचेतून दोन गोष्टी कळायला हव्यात: अर्ज मिळाला, आणि उत्तर कधीपर्यंत येईल. पहिली गोष्ट यंत्र सांगते. दुसरी मालकाला आधी हिशेब करूनच लिहावी लागते. छोट्या कारखान्यांच्या पोचेत नेमकी तीच नसते. तिथे ‘लवकरच कळवू’ एवढेच असते, आणि उमेदवार दर दोन दिवसांनी फोन करत राहतो.

समजा, एका फॅब्रिकेशन वर्कशॉपला हिशेबनीस हवा आहे. अर्जाची शेवटची तारीख १२ जून. अर्ज वाचणार मालक आणि जुने हिशेबनीस, पण दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरायचे असल्याने तोवर दोघांनाही उसंत नाही. म्हणजे वाचन २२ जूनला सुरू होणार. चाळीस अर्ज आले आणि प्रत्येकाला सहा मिनिटे धरली, तर चार तास लागतात. रोज संध्याकाळी एक तास दिला तर चार दिवस. मालाची गाडी, आजारपण यांसाठी आणखी थोडे दिवस सोडले की ३० जून ही पाळता येईल अशी तारीख निघते.

पोचेत तारीखच लिहावी. ‘पंधरा दिवसांत’ असे लिहिले, तर १ जूनला अर्ज करणारा १६ जूनपासूनच वाट पाहू लागतो. मजकूर एवढा पुरे: ‘हिशेबनीस पदासाठी आपला अर्ज मिळाला. सर्व अर्ज १२ जूननंतर वाचले जातील. निवड होवो वा न होवो, ३० जूनपर्यंत ईमेलने कळवू. ही पोच आपोआप पाठवली आहे.’ निवड न झालेल्यांना कळवायचे नसेल, तर तसे स्पष्ट लिहावे. खोटी आशा लावण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

जीमेलमधली सुट्टीवर असतानाच्या उत्तराची सोय यासाठी वापरू नये. ती गिऱ्हाइकांनाही अर्ज मिळाल्याचे कळवते, आणि एकाच माणसाला साधारणपणे चार दिवसांत एकदाच उत्तर देते. त्याऐवजी टेम्प्लेट तयार करून फिल्टरला जोडावे. विषयातल्या शब्दांवर फिल्टर लावला तर विषय न लिहिणाऱ्यांना पोच जात नाही. म्हणून जाहिरातीत ईमेलच्या पत्त्यात @ च्या आधी +arj जोडून तो द्यावा. पत्र नेहमीच्याच पेटीत येते आणि फिल्टरला अचूक ओळखता येते. जाहिरात देण्याआधी दुसऱ्या पत्त्यावरून एक अर्ज पाठवून बघावा.

पत्र आले एवढेच पोच सांगते. जोडलेला बायोडाटा उघडतो की नाही, हे कोणीतरी पाहावेच लागते. तारीख पुढे गेली, तर टेम्प्लेट बदलल्याने फक्त नव्या अर्जदारांना ते कळते. आधीच्या सगळ्यांना ३० जूनच्या आत वेगळे पत्र पाठवावे, आणि ते बीसीसीमध्ये, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसणार नाही.