४९५कडे जाताना काय काय विरतं

कोणतीही तीन अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लावून लहान करा आणि मोठीतून लहान वजा करा. ३५२ घेतली तर ५३२ वजा २३५, म्हणजे २९७. तीच कृती २९७ वर केली की ६९३ येतात, मग ५९४, मग ४९५. आणि ४९५ वर आलात की ९५४ वजा ४५९ पुन्हा ४९५च. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये चार अंकी संख्यांची अशीच गंमत मांडली, आणि तिथे मुक्कामाचं ठिकाण ६१७४ निघालं. या कोड्याचं पुष्कळ कौतुक झालं आहे. मला इथे ते वेगळ्याच कामासाठी हवं आहे. मॅट्रिक्सचे घात करत गेल्यावर काय काय शून्य होत जातं, हे इतकं उघडं दाखवणारं दुसरं उदाहरण सहज सापडत नाही.

आधी या कृतीचं मॅट्रिक्स करू. ००० पासून ९९९ पर्यंत हजार संख्या आहेत. पुढची शून्यं गाळायची नाहीत, म्हणजे ०९९ हीसुद्धा तीन अंकीच. प्रत्येक संख्येचा एक खण आहे आणि त्यात काही रक्कम ठेवली आहे, असं समजा. रक्कम ऋणही चालेल. कृती एकदा केली की प्रत्येक खणातली रक्कम पुढच्या संख्येच्या खणात जाते: ३५२ मधली २९७ मध्ये, २९७ मधली ६९३ मध्ये. एकाच खणात बऱ्याच रकमा आल्या तर त्यांची बेरीज होते. हजार खणांतल्या रकमांची यादी म्हणजे सदिश, आणि ही हलवाहलव म्हणजे हजार ओळी व हजार स्तंभांचं मॅट्रिक्स. त्याला A म्हणू. त्याच्या प्रत्येक स्तंभात एकच १ आहे, बाकी सगळी शून्यं. A², A³ म्हणजे तीच कृती दोनदा, तीनदा.

३५२ मध्ये एक रुपया आणि २५३ मध्ये उणे एक रुपया ठेवून पाहा. दोन्ही संख्यांचे अंक तेच, त्यामुळे दोन्ही रकमा २९७ मध्ये जातात आणि तिथे उणे-अधिक होऊन हिशेब मिटतो. एका कृतीत सगळे खण रिकामे! ज्या ज्या मांडण्या एका कृतीत अशा पूर्ण मिटतात, त्यांचा समूह म्हणजे A चं कर्नल. दोन कृतींत मिटणाऱ्यांचा समूह म्हणजे A² चं कर्नल. एका कृतीत मिटलेली मांडणी दोन कृतींनंतरही मिटलेलीच असते, म्हणून पहिलं कर्नल दुसऱ्याच्या पोटात असतं, दुसरं तिसऱ्याच्या. कर्नल आकसत कधीच नाही. प्रश्न एवढाच की ते किती वाढतं आणि कुठे थांबतं.

हे मोजायला हजार बाय हजारचं मॅट्रिक्स मांडायची गरज नाही. तीन अंकी संख्येत मधला अंक वजाबाकीत उडून जातो, आणि उत्तर येतं ९९ गुणिले सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकातला फरक. हा फरक ० ते ९ असू शकतो. म्हणजे एका कृतीनंतर हजार खणांतल्या रकमा फक्त दहा खणांत गोळा होतात: ०००, ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२ आणि ८९१. हजार खणांची जागा दहावर आली, तेव्हा ९९० स्वतंत्र मांडण्या मिटल्या असणार. पहिल्या कर्नलची मिती ९९०.

दुसऱ्या कृतीत या दहांपैकी काही एकमेकांना भेटतात. १९८ आणि ८९१ दोघेही ७९२ वर जातात. २९७ आणि ७९२ हे ६९३ वर, ३९६ आणि ६९३ हे ५९४ वर, ४९५ आणि ५९४ हे ४९५ वर. उरलेल्यांपैकी ०९९ जातो ८९१ वर आणि ००० जागेवरच राहतो. दहाचे सहा खण झाले, म्हणून दुसऱ्या कर्नलची मिती ९९४. त्यापुढे मात्र एकच रांग उरते: ८९१ कडून ७९२, मग ६९३, ५९४, ४९५, शिवाय बाजूला बसलेला ०००. दर कृतीला या रांगेचं एकेक टोक गळतं. भरलेले खण पाच, चार, तीन, दोन होत जातात आणि कर्नलची मिती ९९५, ९९६, ९९७, ९९८. सहाव्या कृतीनंतर फक्त ००० आणि ४९५ उरतात. सातवी, आठवी, शंभरावी कृती केली तरी त्यात फरक पडत नाही.

आता या मिती बाजूला ठेवून प्रत्येक टप्प्यावर झालेली वाढ पाहा: ९९०, ४, १, १, १, १ आणि मग शून्यच शून्य. ही यादी चढत नाही, फक्त उतरते किंवा तशीच राहते. हा कापरेकरांच्या संख्यांचा गुण नाही, कोणत्याही चौरस मॅट्रिक्सला हे लागू आहे. समजा एखादी मांडणी बरोबर चौथ्या कृतीत मिटते, त्याआधी नाही. तिच्यावर एकदा कृती केली की जे उरतं ते बरोबर तिसऱ्या कृतीत मिटणार. म्हणजे चौथ्या टप्प्यावर नव्याने सामील होणारी प्रत्येक मांडणी तिसऱ्या टप्प्यावर आपला एक वारस देते. शिवाय चौथ्या टप्प्यावरच्या दोन खरोखर वेगळ्या मांडण्यांचे वारसही वेगळेच निघतात, कारण ते एक झाले असते तर मूळ मांडण्यांमधला फरक चौथ्याऐवजी तिसऱ्या कृतीपर्यंतच मिटला असता. म्हणून चौथ्या टप्प्याची वाढ तिसऱ्याहून मोठी असू शकत नाही. यातूनच निघतं की वाढ एकदा शून्य झाली की ती कायमची शून्य; मध्ये विसावा घेऊन कर्नल पुन्हा वाढू लागलं असं होत नाही. हाताने किंवा संगणकाने काढलेल्या यादीत ४ नंतर १ आणि मग २ दिसले, तर गणित चुकलं आहे हे तिथेच कळतं.

या सहा आकड्यांमध्ये मॅट्रिक्सच्या मिटणाऱ्या भागाची पूर्ण रचना साठवलेली आहे. ज्या भागावर कृती पुरेशा वेळा केली की सगळं शून्य होतं, त्याला निलपोटंट भाग म्हणतात. इथे त्याची मिती ९९८. पण ९९८ हा आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. ९९८ गोष्टी एकाच फटक्यात मिटू शकतात, किंवा एकामागून एक अशा ९९८ फटक्यांत. खरी रचना साखळ्यांची असते: पहिली मांडणी दुसरीत जाते, दुसरी तिसरीत, आणि शेवटची शून्यात. वाढीच्या यादीतला पहिला आकडा सांगतो की एकूण साखळ्या ९९० आहेत. दुसरा सांगतो की त्यांतल्या निदान दोन कड्या असलेल्या ४ आहेत. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे आकडे सांगतात की तीन, चार, पाच आणि सहा कड्यांपर्यंत पोचणारी एकच. म्हणजे एक कडी असलेल्या साखळ्या ९८६, दोन कड्यांच्या ३, सहा कड्यांची १. ताळा करा: ९८६ अधिक ६ अधिक ६, बरोबर ९९८.

सहा कड्यांची साखळी समोर मांडता येते. १२२ मध्ये एक रुपया आणि ४९५ मध्ये उणे एक ठेवा. उणे रुपया ४९५ मध्येच बसून राहतो. अधिकचा रुपया ०९९, ८९१, ७९२, ६९३, ५९४ असा फिरत सहाव्या कृतीत ४९५ ला पोचतो आणि हिशेब मिटतो. दोन कड्यांच्या तीन साखळ्या १९८-८९१, २९७-७९२ आणि ३९६-६९३ या जोड्यांवर संपतात. चौथी जोडी ५९४-४९५. ती लांब साखळीचीच शेवटची कडी आहे, म्हणून ती वेगळी मोजली जात नाही.

मला यात सर्वांत रोचक वाटतं ते हे: ४९५ वर पोचायला पूर्ण सहा कृती लागतात अशा संख्या ५४ आहेत. ज्यांच्या मोठ्या आणि लहान अंकात फक्त एकाचा फरक आहे, त्या सगळ्या. तरी सहा कड्यांची साखळी एकच. कारण या ५४ संख्या पहिल्याच कृतीत ०९९ वर एकत्र येतात, आणि त्यांच्यातले आपापसातले फरक तिथेच मिटतात. कोण किती उशिरा पोचतं हे कर्नल मोजत नाही. किती स्वतंत्र फरक किती वेळ टिकतात, ते मोजतं.

साखळ्यांची ही रचना कामील जॉर्दां यांच्या १८७० च्या ग्रंथामुळे त्यांच्या नावाने ओळखली जाते. वाढीच्या यादीला मात्र प्रागचे गणितज्ञ एडुआर्ड वेयर यांचं नाव आहे. त्यांनी १८८५ मध्ये हाच हिशेब मांडला. माझ्या मते शिकवताना वेयर यांची बाजू आधी यायला हवी. साखळ्या शोधायला योग्य मांडण्या निवडाव्या लागतात आणि त्या निवडीत विद्यार्थी हमखास अडकतात. वाढीच्या यादीला फक्त मोजणी लागते.

या पद्धतीला न दिसणारी गोष्टही आहे. सहा कृतींनंतर जे उरतं, त्याच्याबद्दल कर्नलांची मालिका फक्त त्याचा आकार सांगते. इथे उरलेले दोन खण स्थिर आहेत, पण ते एकमेकांशी रकमेची अदलाबदल करत असते तरी यादी हीच आली असती. दोन अंकी संख्यांवर हेच करून पाहा. शंभर खणांचे दहा होतात, दहाचे सहा आणि पुढे सहाच. वाढ ९०, ४, मग शून्य. मालिका दुसऱ्याच टप्प्यावर थांबते, पण संख्या थांबत नाहीत: ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ०९ असं चक्र चालूच राहतं. त्या चक्रात काहीच मिटत नाही, म्हणून कर्नलला ते दिसत नाही.

आपल्या मॅट्रिक्समध्ये फक्त ० आणि १ असल्यामुळे मोजणी काटेकोर झाली. दशांश अपूर्णांकांच्या मॅट्रिक्समध्ये हीच गोष्ट नाजूक होते. सहा कड्यांच्या साखळीच्या शेवटाकडून सुरुवातीकडे फक्त एक दशलक्षांशाची गळती सोडा. शून्यावर असलेली सहा आयगेनमूल्यं शून्यापासून ०.१ इतकी दूर उडतात, कारण गळतीचं सहावं मूळ घ्यावं लागतं. संगणकाच्या नेहमीच्या सोळाव्या दशांश स्थळाच्या चुकीनेही ती सुमारे ०.००२ पर्यंत सरकू शकतात. छापून आलेले ०.००२ पाहून इथे शून्य नाहीच असं समजणं ही नेहमीची फसगत. सहा मूल्यं शून्याभोवती जवळपास समान अंतरावर, वर्तुळात मांडलेली दिसली, तर मागे सहा कड्यांची साखळी आहे असा संशय घ्यावा.

चार अंकी संख्यांचा हिशेब वाचकांनी स्वतः करावा असा आहे. तिथे एका कृतीत दहा हजार खणांचे ५५ होतात, म्हणून पहिली वाढ ९९४५. सातव्या कृतीपर्यंत सगळं ०००० आणि ६१७४ वर येतं, म्हणजे निलपोटंट भागाची मिती ९९९८. मधल्या सहा टप्प्यांत ५३ ची वाटणी व्हायची आहे. ती कुठेही चढता कामा नये, आणि शेवटचा टप्पा शून्य असता कामा नये.